गेममधला सीसीटीव्ही

गेममधल्या पहारेकऱ्याच्या खोलीत चार मॉनिटर आहेत. प्रत्येकामागे एक वेगळा कॅमेरा असतो. तो आपलं चित्र पडद्यावर न पाठवता टेक्श्चरमध्ये काढतो आणि ते मॉनिटरच्या काचेवर चिकटवलं जातं. म्हणजे तेच जग एका फ्रेममध्ये पाच वेळा रंगवायचं! गेम अडखळणारच.

पहिला उपाय रेझोल्यूशन कमी करण्याचा. 1920×1080 ऐवजी 320×180 घेतलं की पिक्सेल छत्तीस पटीने घटतात आणि सीसीटीव्हीला थोडा धूसरपणा शोभतोही. पण कॅमेऱ्यासमोरच्या वस्तू निवडून त्या काढायच्या सूचना ग्राफिक्स कार्डला देण्याचं प्रोसेसरचं काम तेवढंच राहतं. म्हणून खरी बचत कमी वेळा रंगवण्यात आहे. युनिटीत कॅमेरा बंद ठेवून हवं तेव्हा `Render()` बोलावता येतं. सेकंदाला 60 फ्रेम असतील, तर प्रत्येक मॉनिटरला सहा फ्रेममागे एक पाळी पुरते. चारही पाळ्या एकाच फ्रेमला आल्या, तर ठरावीक अंतराने झटका जाणवतो. त्या वेगवेगळ्या फ्रेममध्ये वाटाव्यात.

मिनीमॅप याहून सोपा. इमारती हलत नाहीत, तेव्हा नकाशा एकदाच रंगवावा आणि खेळाडूचा ठिपका वरून सरकवावा. खेळाडू खोलीबाहेर गेला, की चारही कॅमेरे सरळ थांबवा.