सोडायचं पहिल्यांदा कधी वाटलं?

चाकणजवळच्या एका कारखान्यात मी काही वर्षं एचआर विभागात होते. गाड्यांचे सुटे भाग तिथे बनायचे. राजीनामा दिलेल्या प्रत्येकाकडून एक छापील फॉर्म भरून घ्यायची तिथली पद्धत होती. शेवटच्या दिवशी ओळखपत्र, सेफ्टी शूज आणि लॉकरची किल्ली जमा करायच्या धावपळीत माणूस उभ्याउभ्याच तो फॉर्म भरायचा. ‘नोकरी सोडण्याचे कारण’ या रकान्यात बहुतेक जण दोनच शब्द लिहायचे, ‘चांगली संधी’. यालाच आम्ही एक्झिट इंटरव्ह्यू म्हणत होतो.

मग एका वर्षी तपासणी विभागातल्या बेचाळीस जणांपैकी नऊ जण आठ महिन्यांत गेले. नऊपैकी सात फॉर्मांवर तेच दोन शब्द होते. वरिष्ठांनी त्याचा अर्थ ‘पगार कमी पडतोय’ असा लावला आणि सगळ्यांना सरसकट वाढ द्यायचा प्रस्ताव तयार झाला. तो मंजूर होण्याआधी मी पंधरा दिवस मागून घेतले. दोघे अजून नोटीस पिरियडवर होते, त्यांना समोर बसवलं. उरलेल्या सातांना फोन केले.

समोर बसलेल्यांपैकी एक मुलगा राजगुरुनगरहून यायचा. डिप्लोमा झालेला, हाताने हुशार, दोन वर्षं एकही लेखी तक्रार नाही. का सोडतोस, असं विचारल्यावर त्याने फॉर्मवरचंच उत्तर दिलं. मग मी विचारलं, “नोकरी बदलायचा विचार पहिल्यांदा कधी आला? तो दिवस आठवतोय का?” तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, “मॅडम, बहिणीच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्री. महिनाभर आधी सरांना सांगितलं होतं. ते ‘बघू’ म्हणाले होते. शनिवारी रात्री नऊला ग्रुपवर पाळ्यांची यादी आली, त्यात रविवारी माझी पहिली पाळी होती. त्या रात्रीच मी बायोडाटा काढला.”

त्याला नवीन ठिकाणी अडीच हजार जास्त मिळणार होते. पण नवीन नोकरी शोधायला तो का निघाला, हे त्या अडीच हजारांवरून कळत नाही. माणूस कुठे चाललाय हे फॉर्म सांगतो, तो कशामुळे उठला हे सांगत नाही. आणि मॅनेजरच्या हातात असतं ते हे दुसरंच. म्हणून मत विचारण्यापेक्षा प्रसंग विचारावा. ‘तुमचे साहेब कसे आहेत?’ याला ‘चांगले आहेत’ एवढंच उत्तर येतं. ‘शेवटची रजा मागितली तेव्हा काय झालं?’ असं विचारलं की माणूस दिवस, वार, वेळ सांगू लागतो. त्यानंतर आणखी एक प्रश्न हवाच: ‘तेव्हा काय झालं असतं तर तुम्ही थांबला असता?’ याला ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं, तर तेही खरं मानून लिहून ठेवावं.

ही भेट शेवटच्या दिवशी घेऊ नये. राजीनाम्याच्या दिवशीही नको, कारण तेव्हा दोन्ही बाजूंची मनं तापलेली असतात. शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीला पाऊण तास काढावा. समोर थेट साहेब नसावा. ‘हिशेब आणि अनुभवाचा दाखला याचा या बोलण्याशी काहीही संबंध नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगावं. दाखला अडकेल या भीतीने माणूस गोड बोलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

नाव बाहेर जाणार नाही, असा शब्द देताना मात्र त्याची मर्यादाही सांगायला हवी. कुणी लैंगिक छळाबद्दल किंवा जिवाला धोका होईल अशा यंत्राबद्दल बोललं, तर ते वहीत ठेवून चालत नाही. 2013 च्या कायद्यानुसार छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे करता येते आणि त्यासाठी साधारण तीन महिन्यांची मुदत असते. त्या बाईला हे तिथेच, त्याच बैठकीत सांगणं आपलं काम आहे. बाकीच्या गोष्टी मॅनेजरपर्यंत नेताना मी एकेकट्याचं बोलणं कधीच नेत नसे. चार-पाच जणांचं एकत्र झालं, की नावं आणि ओळखीच्या खुणा काढून द्यायचे. साखरपुडा म्हटलं की तो कोण, हे विभागात कुणालाही कळलं असतं.

नऊ जणांचं बोलणं झाल्यावर मी एका कागदावर प्रत्येकासाठी दोन रकाने केले: फॉर्मवरचं कारण आणि पहिला विचार आला तो प्रसंग. दुसऱ्या रकान्यात पाच जणांकडे पाळ्यांची यादी किंवा रजेचं लटकलेलं उत्तर होतं. दोघांना खरोखरच पगार परवडत नव्हता. एकीची सासरी बदली झाल्यासारखी गत होती, लग्नानंतर ती साताऱ्याला जाणार होती. एकाने काही सांगितलं नाही.

आता सुपरवायझरला बोलावून झापणं सोपं होतं. पण नऊ जणांवरून निकाल देता येत नाही. म्हणून त्याच विभागात टिकून असलेल्या सहा जणांनाही विचारलं, आणि चौघांनी आपणहून पाळ्यांचाच विषय काढला. मग सुपरवायझरशी बोलले. ग्राहक कंपनीकडून पुढच्या आठवड्याची मागणी शुक्रवारी संध्याकाळी यायची, म्हणून यादी शनिवारी रात्री लागायची. आठवड्याच्या आत रजेचं नक्की उत्तर देणं त्याला जमतच नव्हतं, म्हणून तो ‘बघू’ म्हणायचा. दोष माणसापेक्षा रचनेत होता.

उपाय तिघांनी बसून काढला. मागणी कितीही हलली तरी तीस-एक जण लागायचेच. त्यांच्या पाळ्या चार आठवडे आधी, महिन्याच्या 20 तारखेला फलकावर लावायच्या. उरलेली वरखाली मागणी सांभाळायला स्वखुशीने नावं देणाऱ्यांचा एक राखीव गट. ऐनवेळी बोलावलं की त्यांना ठरलेला भत्ता. दोघांनी आपसात पाळी बदलली तर सुपरवायझरला एक दिवस आधी सांगणं पुरे. आणि रजेच्या अर्जावर दोन दिवसांत ‘हो’ किंवा ‘नाही’; ‘बघू’ हे उत्तर बंद. प्रत्येक कामापुढे एकाचंच नाव आणि तारीख लिहिली. ‘संवाद वाढवावा’ अशी ओळ कुणीतरी सुचवली होती, ती मी खोडायला लावली. सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, हे त्या ओळीतून कुणालाच कळलं नसतं.

फरक पडला का, हे फक्त राजीनामे मोजून समजत नाही, कारण छोट्या विभागात दोन राजीनामे इकडचे तिकडे झाले की चित्र पालटतं. म्हणून आम्ही दर महिन्याला फलकावरच्या यादीत ऐनवेळी झालेले बदल आणि दोन दिवसांपेक्षा जास्त लटकलेले अर्जही मोजले. पहिल्या महिन्यात बदल जवळजवळ पूर्वीइतकेच होते, कारण राखीव गटात चारच नावं आली होती. भत्ता वाढवल्यावर ती अकरा झाली. पुढच्या सहा महिन्यांत तीन जण गेले; पाळ्यांचं कारण त्यातल्या एकानेही दिलं नाही. पगाराचा प्रश्न तसाच उरला. तो मॅनेजरच्या हातातला नव्हता, म्हणून त्या दोघांचे आकडे वेगळे काढून वर पाठवले. सरसकट वाढीऐवजी पुढे फक्त तपासणीतल्या अनुभवी हातांची श्रेणी सुधारली.

तुमच्या हाताखालून गेल्या वर्षी गेलेल्या एखाद्याचा नंबर अजून तुमच्याकडे असेल. नवीन जागी रुळल्यावर माणूस जास्त मोकळं बोलतो. या रविवारी त्याला एचआरमधल्या कुणाकडून तरी फोन जाऊ द्या, आणि सोडायचं पहिल्यांदा कधी वाटलं, एवढंच विचारायला सांगा.