एका कुकरचे चार प्रश्न

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूतील दोष, सेवेतील त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा आणि उत्पादन दायित्व या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना या सगळ्याला ‘फसवणूक’ म्हटले जाते. पण आयोगापुढे प्रत्येकीचा पुरावा निराळा लागतो, आणि अनेकदा जबाबदार माणूसही निराळा असतो.

समजा, एका घरात नवा प्रेशर कुकर आला. पाचव्या महिन्यात त्याची शिट्टी नीट होईना, म्हणून पैसे देऊन सेवा केंद्रातून झडप बदलून आणली. आठवड्याभरात डाळ शिजताना झाकण उडाले. स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा हात भाजला आणि शेगडी फुटली. दुकानदाराने सुरुवातीला बिल दिलेच नव्हते. आता तो म्हणतो, विकलेला माल परत घेत नाही.

कुकर ज्या दर्जाचा असायला हवा होता तसा नव्हता, तर तो वस्तूतील दोष. त्यावर दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत मागता येतात. झडप चुकीची बसवली असेल, तर ती सेवेतील त्रुटी. सेवा देण्याच्या पद्धतीतली कमतरता यात येतेच. शिवाय निष्काळजीपणा आणि ग्राहकाला आवश्यक माहिती मुद्दाम न सांगणे यांचाही कायद्याने यात समावेश केला आहे. झाकणाची कड झिजलेली दिसूनही कारागीर गप्प राहिला, तर ती त्रुटीच. मात्र काम मनासारखे झाले नाही, एवढ्यावर त्रुटी सिद्ध होत नाही. ती दाखवण्याचे ओझे तक्रारदारावर असते, म्हणून सेवा केंद्राची पावती आणि तिच्यावर लिहिलेले काम महत्त्वाचे ठरते.

बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणे हीदेखील तशीच. दुकानातली ‘माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी कायद्यापुढे टिकत नाही. आपल्या कुकरला मात्र पाच महिने होऊन गेल्याने तीस दिवसांचा हा आधार निसटला आहे. दोषाची तक्रार त्यामुळे बुडत नाही. ती दोन वर्षांत करता येते.

उत्पादन दायित्व हा भाग १९८६ च्या कायद्यात नव्हता. येथे प्रश्न कुकरच्या किमतीचा नसून त्याने केलेल्या इजेचा आहे. भाजलेला हात, त्यासोबतचा मानसिक त्रास आणि फुटलेली शेगडी यांची भरपाई या दाव्यात मिळू शकते. खुद्द कुकरचे नुकसान यात धरले जात नाही, त्यासाठी दोषाचा दावा आहेच. बाई डबे पुरवत असतील, तर बुडालेली कमाईही व्यापारी नुकसान म्हणून या दाव्याबाहेर राहते.

उत्पादकाविरुद्ध निर्मितीतील दोष, आराखड्यातील दोष किंवा वापराच्या पुरेशा सूचना नसणे दाखवता येते. यात ग्राहकाला मोठी सोय आहे. वस्तू सदोष होती आणि त्या दोषानेच इजा झाली, एवढे सिद्ध केले की पुरते. कारखान्यात नेमका कोणी हलगर्जीपणा केला, हे शोधावे लागत नाही. विक्रेता मात्र आपोआप सापडत नाही. त्याने वस्तूत फेरफार केला असेल, स्वतःची वेगळी हमी दिली असेल किंवा उत्पादक कोण हेच कळत नसेल, अशा परिस्थितीत तो अडकतो.

उत्पादक बहुधा झडपेकडेच बोट दाखवणार. वस्तूत बदल केला गेला, गैरवापर झाला, हा कायमचा बचाव. म्हणून अपघातानंतर केलेली एक चूक महागात पडते: कुकर ‘तपासून देतो’ म्हणणाऱ्या कंपनीच्या हवाली करणे. झाकण, रबर, झडप सगळे न धुता, न दुरुस्त करता ठेवावे, फोटो काढावेत आणि दवाखान्याचे कागद जपावेत. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नसेल, तर आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. त्या अहवालावर बरेच अवलंबून असते. दोष धातूत होता की झडप बसवण्यात, याचे उत्तर आधी माहीत नसते, त्यामुळे उत्पादक आणि सेवा केंद्र दोघांनाही विरुद्ध पक्ष करणे शहाणपणाचे.

तक्रार कोणत्या आयोगाकडे जाईल, हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाहिली जाते, आणि ती पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. कुकरसारख्या वस्तूला, म्हणजे पाच लाखांपर्यंत, फी नाही. कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते. नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी तीस दिवस, आणि आयोगाने वाढवून दिल्यास आणखी पंधरा दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले. निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तो बराच लांबतो. निकाल पटला नाही तर पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, पण पैसे द्यायचा आदेश झालेल्या कंपनीला त्याआधी निम्मी रक्कम जमा करावी लागते.