विसराळू मॉडेल आणि टोकनचा हिशेब

समजा, एका मेसने डब्याच्या ऑर्डरसाठी व्हॉट्सॲपवर बॉट बसवला. गिऱ्हाइकाने सकाळी कळवलं, ‘मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे.’ बऱ्याच गप्पांनंतर त्याने विचारलं, ‘आज जोडीला काय?’ बॉटने दाण्याची चटणी सुचवली. मॉडेल विसरलं, असं आपण म्हणू. पण त्याला लक्षात ठेवताच येत नाही.

भाषेचं मॉडेल प्रत्येक प्रश्नाला कोरी पाटी घेऊन बसतं. मागचं बोलणं मधला सर्व्हर जपतो. निरोप आला की तो त्या नंबरची जुनी संभाषणं डेटाबेसमधून काढतो, नव्या प्रश्नाला जोडतो आणि सगळं मॉडेलकडे पाठवतो. खर्च वाढतो तो इथेच. बिल टोकनवर, म्हणजे मजकुराच्या बारीक तुकड्यांवर लागतं, आणि देवनागरीचे तुकडे सहसा इंग्रजीपेक्षा जास्त पडतात.

एक प्रश्न आणि त्याचं उत्तर मिळून 200 टोकन धरू. पहिल्या फेरीला 200, दुसरीला 400, असं करत चाळिसाव्या फेरीला 8,000 टोकन लागतात. चाळीस फेऱ्यांची बेरीज 1,64,000 होते. बोलणं दुप्पट झालं की खर्च जवळपास चौपट होतो.

म्हणून शेवटच्या सहा फेऱ्याच जशाच्या तशा पाठवायच्या आणि आधीच्या बोलण्याचा साधारण 300 टोकनांचा सारांश जोडायचा. मग सहाव्या फेरीनंतर प्रत्येक फेरी 1,500 टोकनांवर थांबते आणि एकूण बेरीज 55,000च्या आसपास येते. सारांशही मॉडेलकडूनच करून घ्यायचा असल्याने त्याचे काही हजार वेगळे. तरी खर्च निम्म्याहून खाली राहतो.

पण सारांशाचाही पुन्हा सारांश होत जातो आणि त्यात ‘शेंगदाणे नकोत’ हे दोन शब्द गळून पडतात. चटणीची चूक अशीच होते. म्हणून ॲलर्जी, पत्ता, डब्यांची संख्या या गोष्टी सारांशाच्या भरवशावर सोडायच्या नाहीत. त्या डेटाबेसमध्ये वेगळ्या रकान्यांत ठेवायच्या आणि दर वेळी विनंतीच्या सुरुवातीला घालायच्या. त्यांना फार तर पन्नासेक टोकन लागतात.

आणखी एक गळती सहज दिसत नाही. निरोप पोचल्याची पावती सर्व्हरने वेळेत दिली नाही, तर व्हॉट्सॲप तोच निरोप पुन्हा धाडतं. मॉडेलचं उत्तर येईपर्यंत पावती रोखून धरली, तर गिऱ्हाइकाला एकाच प्रश्नाची दोन उत्तरं जातात आणि बिलही दोनदा लागतं. म्हणून आधी पावती द्यायची, निरोपाचा आयडी नोंदवायचा, तोच आयडी पुन्हा आला तर सोडून द्यायचा आणि मॉडेलचं काम मागे रांगेत लावायचं.

बांधणी नीट बसली का, हे नोंदवहीच सांगते. प्रत्येक उत्तरासोबत मॉडेल किती टोकन आत गेले हे कळवतं. तो आकडा लिहून ठेवावा. सातव्या फेरीनंतरही तो चढतच राहिला, तर जुनं बोलणं अजून कुठून तरी पाठवलं जातं आहे.