कणी, कणीक आणि वाफ

आमचे घराणे तीन पिढ्यांपासून हैदराबादेत आहे. आजोबा निजामाच्या काळात मराठवाड्यातून नोकरीसाठी आले आणि काचीगुड्यात राहिले. घरात वरणभात, आणि बिर्याणी कोणाच्या तरी घरून आलेली, असे आमचे बालपण गेले. मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि पासष्टी उलटल्यावर पहिल्यांदा स्वतः बिर्याणी लावायला बसलो. मुलीच्या सासरची बारा माणसे जेवायला होती. हंडी उघडली तेव्हा वास उत्तम होता, मटण मऊ होते, पण वरचा भात दाताखाली कचकच वाजत होता. पाहुण्यांनी मुकाट्याने वरचा थर बाजूला सारून खालचा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गल्लीतल्या चाचांकडे गेलो. चाळीस वर्षे लग्नाच्या देगा लावलेला हा माणूस. आता हात थरथरतात, म्हणून काम सोडले आहे. ते माझ्यावर हसले आणि म्हणाले, "मास्टर साब, चावल कितने कनी पे उतारे?" मला उत्तर देता येईना. मग त्यांनी आपलीही अडचण सांगितली. त्यांचा नातू शारजात स्वयंपाकाची नोकरी करतो. तो फोनवर विचारतो की भात किती मिनिटांनी काढायचा, आणि चाचांना मिनिटे सांगता येत नाहीत. त्यांनी घड्याळाकडे कधी पाहिलेच नव्हते. "तुम लिख के दो," ते म्हणाले. या लेखाचे मूळ त्या वाक्यात आहे.

हैदराबादची खास बिर्याणी म्हणजे कच्च्या गोश्तची. दही आणि मसाला लावून मुरवलेले कच्चे मटण तळाशी, त्यावर अर्धवट शिजवलेला भात, आणि वर झाकण कणकेने बंद. या बंद भांड्यातल्या मंद शिजवण्याला दम म्हणतात. १७८४च्या दुष्काळात लखनौच्या नवाबाच्या बांधकामावर दमाचा शोध लागला, अशी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईन-इ-अकबरी'तल्या पदार्थांच्या यादीत 'दमपुख्त' आधीच आहे. म्हणजे पद्धत जुनी आहे. तिची कारणे मात्र फारशी कोणी लिहून ठेवली नाहीत.

पाककृतींच्या पुस्तकांत एकच वाक्य असते : भात ७० टक्के शिजवून घ्यावा. मला पहिला प्रश्न पडला तो हा, की ७० टक्के कशाचे? वेळेचे, वजनाचे की मऊपणाचे?

चाचांचे माप आहे कणी. उकळत्या पाण्यातले एक शीत काढून ते अंगठा आणि तर्जनीत दाबायचे. बाहेरचा भाग पिठासारखा पसरतो आणि मध्ये पांढरा, टणक कण उरतो. ती कणी. शीत दाबल्यावर तसे दोन कण बोटाला लागले तर भात दोन कणीवर आहे, एकच बारीक कण लागला तर एक कणीवर. शितावरून भाताची परीक्षा हे आपण म्हणीत वापरतो, इथे ती अक्षरशः करायची असते. तांदळावर संशोधन करणारे लोकही असेच करतात, फक्त बोटांऐवजी ते शिते दोन काचांमध्ये दाबतात आणि मधला अपारदर्शक ठिपका किती दाण्यांत उरला आहे ते मोजतात. मी खिडकीच्या काचेचे दोन तुकडे घेऊन तेच केले. ठिपका पांढरा दिसतो कारण तिथल्या स्टार्चला अजून पाणी मिळालेले नसते. पाणी आणि उष्णता दोन्ही मिळाल्यावर स्टार्च फुगतो आणि पारदर्शक होतो. म्हणजे कणी हे माप मुळात पाण्याचे आहे. पाणी दाण्यात किती खोल पोचले, एवढेच ती सांगते.

हे लक्षात आल्यावर मी वजनकाटा घेतला. जुना बासमती ७५० ग्रॅम, अर्धा तास भिजवला. निथळल्यावर वजन साधारण ९६० ग्रॅम भरले. पाच लिटर खारट उकळत्या पाण्यात टाकला. पाणी पुन्हा उकळायला लागल्यापासून सुमारे पाच मिनिटांनी तो दोन कणीवर आला, तेव्हा निथळून वजन भरले दीड किलो. तसाच तांदूळ दुसऱ्या दिवशी पूर्ण शिजवला, तर दोन किलोच्या आसपास भरला. म्हणजे दोन कणीवरच्या भाताला अजून सुमारे अर्धा लिटर पाणी हवे आहे. भांडे बंद झाल्यावर ते वरून कोणी घालणार नाही. ते आतूनच यायला हवे.

ते येते खालून. एक किलो मटण शिजताना आकसते आणि माझ्या मोजणीत सुमारे ३०० ग्रॅम रस सोडते. मसाल्यातल्या पाव किलो दह्यात बहुतेक पाणीच, म्हणजे आणखी २०० ग्रॅम धरू. वरून शिंपडलेले केशराचे दूध १०० ग्रॅम. एकूण जमा ६००, भाताची मागणी ५००, आणि उरलेले शंभर तळाच्या मसाल्याला ओलावा देतात. हिशेब जेमतेम जुळतो. म्हणूनच तो इतक्या सहज बिघडतो.

भात एक कणीच्याही पुढे गेला तर त्याची मागणी कमी होते, पण खालून वाफ तेवढीच येते. मग खालचा थर गिचका होतो. उलट भात तीन कणीवरच काढला तर जमेपेक्षा खर्च जास्त होतो आणि वरचा थर कच्चट राहतो. कोंबडी शिजायला वेळ कमी लागतो, म्हणजे भातालाही दम कमी मिळतो. त्यामुळे तिच्यासाठी भात थोडा पुढे, एक कणीकडे न्यावा लागतो. नवा तांदूळ पाणी लवकर धरतो आणि चिकट होतो, त्याला तीच पाच मिनिटे जास्त होतात. नातवाला नुसती मिनिटे सांगता येत नव्हती, यात चाचांची चूक नव्हती. मिनिटे तांदळागणिक बदलतात, कणी बदलत नाही.

चाचा भात एकदम उतरवतही नाहीत. उकळत्या भांड्यातून झाऱ्याने काढत थेट मटणावर पसरतात. पहिला झारा निघतो तेव्हा भात दोन कणीच्या थोडा आधी असतो, शेवटचा निघेपर्यंत तो एक कणीवर येतो. त्यामुळे ज्या थराला सर्वात जास्त रस आणि वाफ मिळणार तो सर्वात कच्चा, आणि ज्याला सर्वात कमी तो सर्वात शिजलेला. मी मात्र सगळा भात एकदम चाळणीत ओतला होता. शिवाय चाळणीतला गरम ढीग आतल्या आत शिजत राहतो, म्हणून तो तिथे ठेवून गप्पा मारता येत नाहीत.

पण माझ्या फजितीचे खरे कारण भात नव्हता. तो मी जवळपास योग्य टप्प्यावर काढला होता. कारण होते झाकण. कणीक लावण्याचा कंटाळा करून मी स्टीलचे घट्ट वाटणारे झाकण ठेवले आणि वर खलबत्ता. नंतर मी हंडी झाकणासकट दमाआधी आणि दमानंतर तोलून पाहिली. नुसत्या झाकणाने पाऊण तासात सुमारे २५० ग्रॅम वजन घटले. कणीक लावल्यावर घट ५० ग्रॅमच्या आत राहिली. भाताला हव्या असलेल्या पाण्यातले निम्मे मी स्वयंपाकघराच्या छताला दिले होते.

पुष्कळांना वाटते, मलाही वाटे, की कणकेने भांड्यात दाब वाढतो आणि मटण लवकर शिजते. तसे होत नाही. माझ्या झाकणाचा व्यास २८ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ६१५ चौरस सेंटिमीटर. तीन किलोचे वजन त्यावर ठेवले तर दर चौरस सेंटिमीटरला पाच ग्रॅम पडतात. हवेचा दाब तेवढ्याच जागेवर सुमारे एक किलो असतो. प्रेशर कुकर त्यात जवळजवळ दुसरा किलो घालतो, म्हणून त्यात तापमान १२० अंशांपर्यंत चढते. दमाच्या हंडीत ते एक अंशाच्या पाचव्या भागानेही वाढत नाही. हैदराबाद समुद्रसपाटीपासून ५४० मीटरांवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, आणि हंडीतही तेवढेच. कणीक फक्त राखण करते. तिच्यामुळे वाफ थंड शितांवर आणि झाकणावर पुन्हा पाणी होते, आणि बासमतीचा उडून जाणारा सुगंधही आतच राहतो. झाकणावर निखारे ठेवतात ते याचसाठी, की झाकण गार राहून पाणी वरच्या भातावर टपटपू नये.

कणीक पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल मळावी आणि बोटाएवढ्या जाड वळीने काठावर बसवावी. काठाला तूप लागले असेल तर आधी पुसावा, नाहीतर ती चिकटत नाही. चाचा एका जागी बोटभर फट ठेवतात. आच मोठी असताना आधी आतली हवा त्यातून बाहेर पडते. मग सलग वाफ यायला लागली की फट बंद करून आच अगदी बारीक करतात आणि हंडीखाली जाड तवा सरकवतात. माझ्या हंडीला याला दहा ते पंधरा मिनिटे लागतात. त्यानंतर मंद आचेवर पाऊण तास. आच जास्त राहिली तर वाफ कणीक फोडून वाट काढते. तडा दिसला तर ओली कणीक चेपावी आणि आच कमी करावी.

बंद हंडीच्या आतले बाहेरून कळायचे ते कानाने. सुरुवातीला खदखद ऐकू येते. ती मंदावून चर्र असा कोरडा आवाज आला, तर तळाचे पाणी संपून तूप तळू लागले आहे. त्या क्षणी आच बंद. उघडल्यावर वरचा भात कच्चा निघालाच, तर कडेने अर्धी वाटी गरम दूध सोडून पुन्हा झाकून दहा मिनिटे ठेवता येते. गिचक्यावर मात्र उपाय नाही.

हे सगळे मी दोन पानांत लिहून चाचांना वाचून दाखवले. ग्रॅमचे आकडे त्यांनी हात हलवून उडवून लावले, पण दूधाचा मुद्दा आल्यावर मान डोलावली. मग नातवाला फोन लावला आणि कागद माझ्या हातातून न घेताच सांगितले : मिनिट मत पूछ, दाना दबा. आटा लगा. और कान लगा के बैठ.