जुने फोटो पडद्यावर: हळू सरकणारी नजर

ईदला घरातली माणसे एकत्र आली की टीव्हीवर जुन्या फोटोंचा स्लाइड शो लागतो. चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा, कुठेही तोच अनुभव. दादीजानचा चेहरा झपकन अंगावर येतो आणि पुढचा फोटो पान उलटल्यासारखा गडप होतो. लग्नाच्या कॅसेटचा काळ आठवतो.

स्थिर फोटोवरून कॅमेरा संथ फिरवण्याची ही रीत जुनीच. 1957 च्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ या कॅनडाच्या माहितीपटात ती दिसते. 1990 मध्ये केन बर्न्स यांच्या ‘द सिव्हिल वॉर’ने ती घरोघरी पोचवली, पुढे ॲपलच्या iMovie मध्ये ती त्यांच्याच नावाने आली. तिथूनच बिघडले म्हणायचे, कारण यंत्र प्रत्येक फोटोला विनाकारण हलवू लागले.

समजा, जटपुरा गेटसमोर उभ्या कुटुंबाचा सहा बाय चार इंची फोटो आहे. 600 डीपीआयला स्कॅन केला तर 3600 बाय 2400 पिक्सेल मिळतात. पडद्याची रुंदी 1920. म्हणजे सुमारे 1.87 पटीपर्यंत जवळ जाता येते, त्यापुढे चित्र पसरते. 300 डीपीआयच्या स्कॅनमध्ये तेवढीही मुभा उरत नाही. अशा फोटोत चेहरा जेमतेम सहा मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे 140 पिक्सेलचा. तो पडद्याभर केला की डोळ्यांच्या जागी डाग उरतात. जास्त डीपीआयनेही फारसे साधत नाही, कागदाचे खरखरीत दाणे तेवढे मोठे होतात. निगेटिव्ह सापडली तर मात्र गोष्ट वेगळी.

आता हालचाल. आठ सेकंदांत सहा ते आठ टक्केच जवळ जावे. पाहणाऱ्याला सरकणे जाणवू नये, पण शेवटी आपण थोडे जवळ आलो असे वाटावे. आजोबांचा हात धरलेले मूल दाखवून मग सगळे कुटुंब आणि कमान दाखवायची असेल, तर एकाच झेपेत 2000 पिक्सेलपासून 3600 पर्यंत मागे येऊ नये. ते धावणे होते. त्याचे दोन तुकडे करावेत: आधी मूल, मग पूर्ण फोटो, आणि तो जवळपास स्थिर.

जुनाटपणा बहुतेक वेळा सांध्यावर उघडा पडतो. फोटो सरकून थांबतो, क्षणभर थबकतो आणि मग पुढचा उगवतो. एक फोटो दुसऱ्यात विरघळत असताना दोन्ही हलतेच राहावेत. सांधा थेट कापायचा असेल तर DaVinci Resolve मधल्या Dynamic Zoom ला Ease In and Out लावले की सुरुवात आणि शेवट धक्क्याविना होतात. फार संथ हालचालीत चित्र कधी बारीक थरथरते. सॉफ्टवेअर पूर्ण पिक्सेलने उडी घेते, त्याचा हा परिणाम. फोटो आधी दुप्पट-चौपट मोठा करून घेतला की ती कमी होते.

उभ्या फोटोच्या दोन्ही बाजूंना त्याचीच धूसर प्रत भरायची फॅशन आता शिळी झाली. साधा काळा पडदा पुरतो. आणि ज्यांचा एकच फोटो उरला आहे, तो हलवायची मुळी गरजच नसते. दहा सेकंद तसाच ठेवावा, नाव सांगणारे कोणीतरी घरात असतेच.