वंशवृक्षातली मालकी

इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत कुटुंबाचा धडा आला की पानावर एक वंशवृक्ष असतोच. वरच्या चौकटीत आजी-आजोबा, खाली त्यांची मुलं, त्याखाली नातवंडं. शेजारी गाळलेल्या जागा, आणि प्रत्येक जागेसाठी तीन-चार शब्दांचे पर्याय. कितीतरी पुस्तकांत हा वृक्ष ब्रिटनच्या राजघराण्याचा असतो, कारण ती नाती जगाला माहीत आहेत. एलिझाबेथ आणि फिलिप यांचं लग्न 1947 साली झालं. त्यांची मुलं चार: चार्ल्स, अ‍ॅन, अँड्र्यू आणि एडवर्ड. चार्ल्सचे मुलगे विल्यम आणि हॅरी. अ‍ॅनची मुलं पीटर आणि झारा. एवढ्या दहा नावांत इंग्रजी षष्ठीच्या जवळपास सगळ्या अडचणी सापडतात.

पहिली गाळलेली जागा सोपी वाटते. ‘चार्ल्स इज द किंग. ___ सिस्टर इज अ‍ॅन.’ पर्याय ‘हिज’, ‘हर’ आणि ‘देअर’. पुढे ‘सिस्टर’ दिसते, म्हणून अनेक मुलं ‘हर’ लिहितात. बहीण बाई आहे हे खरं, पण इंग्रजीत शब्द ठरतो तो मालकावरून, आणि इथे मालक आहे चार्ल्स. म्हणून ‘हिज सिस्टर’. उलट ‘अ‍ॅन’स ब्रदर’च्या जागी ‘हर ब्रदर’ येतं, भाऊ पुरुष असला तरी.

मराठी मुलांची ही चूक खरं तर व्हायला नको, कारण ‘त्याची बहीण’ या शब्दांत दोन्ही माहित्या आहेत. ‘त्या’ हा पुढचा भाग मालकाकडे बघतो, ‘ची’ हा प्रत्यय बहिणीकडे. ‘तिचा भाऊ’ म्हणताना ‘ति’ अ‍ॅनसाठी आणि ‘चा’ भावासाठी. इंग्रजीने यातला फक्त पुढचा भाग ठेवला आहे. गाळलेली जागा भरताना आधी मनात मराठी शब्द म्हणावा आणि प्रत्ययावर बोट ठेवून तो झाकावा. उरलं ‘त्या’ तर ‘हिज’, उरलं ‘ति’ तर ‘हर’. फ्रेंच मुलांना ही सोय नाही. त्यांच्या भाषेत त्याची बहीण आणि तिची बहीण यांना एकच शब्द आहे, कारण तिथे शब्द बहिणीवरून ठरतो. हिंदीतल्या ‘उसकी’लाही मालक पुरुष की स्त्री हे सांगता येत नाही.

खरी पंचाईत होते ती पुढच्या वाक्याला, जेव्हा वंशवृक्ष राजघराण्याचा न राहता स्वतःच्या घराचा होतो. ‘माझे आजोबा शिक्षक होते. त्यांची बहीण नाशिकला राहते.’ याचं इंग्रजी करताना ‘माय ग्रँडफादर’नंतर ‘देअर सिस्टर’ लिहिलेलं हमखास सापडतं. मुलाचं मराठी अगदी बरोबर आहे. आजोबांना ‘तो’ म्हणत नाहीत, ‘ते’ म्हणतात, आणि ‘त्यांची’ हे रूप अनेकांसाठी जसं चालतं तसं आदरार्थी एकासाठीही चालतं. इंग्रजीत ‘ही’ला असं आदरार्थी रूप नाही. आजोबा एक आहेत, म्हणून ‘हिज सिस्टर’. मोठ्या माणसाला ‘हिज’ म्हणणं उद्धट वाटतं, पण तिथे तसा अर्थ निघत नाही. माणूस कोण हे माहीत नसेल तर एकट्यासाठीही ‘देअर’ वापरतात, पण आजोबा तर ओळखीचे आहेत.

ही चूक सगळ्या नात्यांवर सारखी पडत नाही, हे वह्या तपासणाऱ्याने लक्षात घ्यावं. बऱ्याच घरांत आई ‘ती’ असते आणि बाबा ‘ते’. त्यामुळे आईच्या भावाला मूल बरोबर ‘हर ब्रदर’ लिहितं आणि बाबांच्या भावाला ‘देअर ब्रदर’. नुसते गुण कापून हे सुटत नाही. ‘त्यांची’ म्हणजे इथे किती माणसांची, एवढा एकच प्रश्न विचारावा लागतो.

पुढच्या जागेत नाम गायब असतं. ‘विल्यम अँड हॅरी आर हिज सन्स. पीटर अँड झारा आर ___.’ इथे ‘हर’ चालत नाही, ‘हर्स’ लागतं. मराठीत ‘हे घर तिचं’ आणि ‘तिचं घर’ या दोन्हींत ‘तिचं’ तसंच राहतं, म्हणून ही विभागणी मुद्दाम शिकावी लागते. शब्दामागे लगेच नाम आलं तर ‘माय, हर, देअर’. नाम आलं नाही तर ‘माइन, हर्स, देअर्स’. ‘हिज’ मात्र दोन्हीकडे तोच. ‘हर्स’ आणि ‘देअर्स’ यांच्या शेवटच्या ‘एस’आधी अ‍ॅपॉस्ट्रॉफी कधीच येत नाही, कारण मालकी त्या शब्दांत आधीच भरलेली आहे.

नावांना मात्र तो टिंबवजा स्वल्पविराम हवा. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांच्या षष्ठीला ‘एस’चा शेवट होता, त्याच्या आधी एक स्वर. तो स्वर गळला आणि पुढे छापील पुस्तकांत त्याच्या जागी हे चिन्ह रुळलं. ते कुठे बसवायचं यावर अर्थ ठरतो. ‘माय कझिन’स मदर’ म्हणजे एका चुलत भावाची आई. ‘माय कझिन्स’ मदर’ म्हणजे दोघा-तिघांची एकच आई. कानाला दोन्ही सारखंच ऐकू येतं, फरक फक्त कागदावर. मराठीत हे काम अनुस्वार करतो: ‘भावाची आई’ आणि ‘भावांची आई’. आधी मराठीत अनुस्वार येतो का ते पाहावं. अनुस्वार आला, आणि अनेकवचन ‘एस’ने संपत असेल, तर चिन्ह ‘एस’च्या नंतर.

जोडीच्या मालकीसाठी एलिझाबेथ आणि फिलिप हे नमुनेदार उदाहरण आहे. मुलं दोघांची मिळून, म्हणून ‘एलिझाबेथ अँड फिलिप’स चिल्ड्रन’, चिन्ह एकदाच, शेवटी. आईवडील मात्र प्रत्येकाचे वेगळे, म्हणून ‘एलिझाबेथ’स अँड फिलिप’स पेरेंट्स’, चिन्ह दोनदा. मराठीतही हाच हिशोब चालतो: ‘एलिझाबेथ आणि फिलिप यांची मुलं’, पण ‘एलिझाबेथचे आणि फिलिपचे आईवडील’.

चार्ल्सच्या नावाअखेर आधीच ‘एस’ आहे. ब्रिटिश पुस्तकं बहुधा आणखी एक ‘एस’ जोडतात आणि उच्चार ‘चार्ल्सिझ’ होतो. काही वृत्तपत्रीय शैलींत नुसतं चिन्ह देऊन थांबतात. दोन्ही मान्य आहे. एका वहीत एकच पद्धत असावी.

शेवटचा प्रश्न पुस्तकात बहुतेकदा तारांकित असतो. ‘अ‍ॅन’स चार्ल्स’स सिस्टर.’ एकाच वाक्यात दोन चिन्हं, पण पहिलं मालकीचं नाही. ते ‘इज’ आखडून झालं आहे. ओळखायचं कसं? चिन्हाच्या जागी ‘इज’ घालून वाक्य म्हणायचं. ‘अ‍ॅन इज’ जमतं. ‘चार्ल्स इज सिस्टर’ जमत नाही, म्हणून ती षष्ठी. ‘झारा’स गॉट अ ब्रदर’मध्ये ‘इज’ही जमत नाही आणि ‘झाराचं’ही नाही, तिथे ‘हॅज’ लपलेलं आहे.