नेमारची किंमत कोणी मोजली?

ऑगस्ट 2017. बार्सिलोनाला नेमार विकायचाच नव्हता, तरी तो पॅरिसला गेला. हे घडलं करारातल्या एका कलमामुळे. रिलीज क्लॉज म्हणजे आधीच लिहून ठेवलेली रक्कम. ती भरली की क्लबला खेळाडू अडवता येत नाही. स्पेनमध्ये हे कलम जवळपास प्रत्येक करारात असतं. नेमारचा आकडा होता 22 कोटी 20 लाख युरो. एवढे पैसे कोण मोजणार, असा बार्सिलोनाचा हिशोब!

गंमत म्हणजे कागदोपत्री ही रक्कम खेळाडूच भरतो. पैसा अर्थातच नव्या क्लबचा, इथे पॅरिस सें-जर्मांचा. नेमारचे वकील ती घेऊन गेले, तर स्पॅनिश लीगने ती नाकारली. मग ती थेट बार्सिलोनाच्या कचेरीत जमा झाली.

एजंटचं काम पगार, बोनस, मुदत आणि हे कलमही ठरवणं. नेमारचा एजंट त्याचा बापच. आकडा लहान ठेवला तर खेळाडूला दार उघडं, मोठा ठेवला तर क्लब निर्धास्त; खरी घासाघीस इथेच होते.

तिजोरी रिकामी झाल्यावरही त्याच महिन्यात पॅरिसने मोनॅकोचा एमबापे आणला, पण एका हंगामासाठी उसना. पुढे त्याला विकत घ्यायचं कलम करारात होतंच. म्हणजे मोठा खर्च पुढच्या वर्षाच्या खात्यात गेला. युरोपच्या खर्चमर्यादेचे नियम पाहता ही पळवाटच म्हणायची.